वीस एचपीचं कपलिंग नावाची वस्तू नसते

"वीस एचपीचं एक कपलिंग द्या." औद्योगिक सामानाच्या दुकानात हे वाक्य रोज ऐकू येतं. दुकानदार फार तर एक प्रश्न विचारतो, शाफ्ट किती मिलिमीटरचा? त्याचं उत्तर मिळालं की दोन लोखंडी तोंडं आणि मधला रबर पुडक्यात बांधून हातात येतो. मोटर चालते, गिअरबॉक्स फिरतो, सगळे खूश असतात. चार महिन्यांनी रबर भुगा होऊन पडतो, तेव्हा कंपनीच्या नावाने खडे फोडले जातात. खरं तर कंपनीकडे कुणी पुरेशी माहितीच दिलेली नसते. मोटर किती ताकदीची आहे हे एचपीवरून कळतं. कपलिंगला काय सोसावं लागणार, हे मोटरच्या पलीकडे काय जोडलंय आणि ते कसं अडतं, यावर ठरतं. वीस एचपीचा पंप आणि वीस एचपीचा खडी क्रशर यांना एकच कपलिंग लावणं म्हणूनच चुकीचं आहे.

हा हिशेब समजून घ्यायला साखर कारखान्यातला बगॅस कॅरियर घेऊ. गळीत हंगामात चोवीस तास चालणारं, मधूनच अडणारं आणि बॉयलरच्या उबेत उभं असलेलं हे यंत्र कपलिंगची सगळ्या बाजूंनी परीक्षा पाहतं. मिलमधून रस काढून झाल्यावर उरलेलं चिपाड, म्हणजे बगॅस, बॉयलरपर्यंत नेण्यासाठी पत्र्याचा लांबच लांब चर असतो. त्यात दोन साखळ्यांवर बसवलेल्या आडव्या पट्ट्या बगॅस ओढत नेतात. डोक्याच्या शाफ्टपाशी उंचावर चॅनेलच्या चौकटीवर मोटर आणि गिअरबॉक्स बसवलेले असतात. आपल्या उदाहरणातली मोटर १५ किलोवॅटची, म्हणजे वीस एचपीची, मिनिटाला १४६० फेरे घेणारी. गिअरबॉक्स ४० ला १ असा वेग उतरवणारा. पुढे चेन ड्राइव्हवर वेग आणखी निम्मा होतो आणि डोक्याचा शाफ्ट मिनिटाला जेमतेम अठरा फेरे घेतो. मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये हातभर जागा आहे. तिथे काय बसवायचं?

सुरुवात टॉर्कपासून, म्हणजे शाफ्टवर येणाऱ्या पिळापासून. किलोवॅटला ९५५० ने गुणायचं आणि मिनिटाच्या फेऱ्यांनी भागायचं, उत्तर न्यूटन-मीटरमध्ये येतं. १५ गुणिले ९५५० भागिले १४६०, म्हणजे ९८. यातून लगेच एक गोष्ट कळते. हीच १५ किलोवॅटची मोटर निम्म्या वेगाची असती, तर टॉर्क दुप्पट झाला असता आणि कपलिंगही मोठं लागलं असतं. गिअरबॉक्सच्या पलीकडे, मंद बाजूला, हाच टॉर्क चाळीसपट होऊन सुमारे ३९०० न्यूटन-मीटरवर जातो. म्हणून मोटरच्या बाजूचं कपलिंग ओंजळीत मावतं आणि त्याच यंत्राच्या मंद बाजूचं उचलायला दोन माणसं लागतात. एचपी दोन्हीकडे तीच असते.

पण ९८ हा आकडा मोटर पूर्ण भाराने, शांतपणे चालत असतानाचा आहे. बगॅस कॅरियर शांत कधीच नसतो. मिलमधून बगॅस एकसारखा पडत नाही, कधी ढीग येतो, कधी पट्ट्या रिकाम्या जातात. साखळीचा प्रत्येक दुवा चाकाच्या दातावर चढताना लहानसा हिसका बसतो. म्हणून कपलिंगच्या तक्त्यात सर्व्हिस फॅक्टर असतो. पाण्याचा सेंट्रिफ्युगल पंप किंवा हलका पंखा असेल तर तो एकच्या आसपास राहतो. असमान भाराच्या कन्व्हेयरला दीड ते पावणेदोनच्या घरात जातो, क्रशर किंवा एका सिलिंडरच्या कॉम्प्रेसरला दोनच्याही वर. प्रत्येक उत्पादकाचा तक्ता थोडा वेगळा असतो. ज्याचं कपलिंग घ्यायचं त्याचाच फॅक्टर वापरावा, एकाचा फॅक्टर आणि दुसऱ्याची क्षमता अशी खिचडी करू नये. आपण चोवीस तासांचं काम धरून १.८ घेऊ. ९८ गुणिले १.८ म्हणजे सुमारे १७७ न्यूटन-मीटर.

दुकानात सर्वाधिक खपतं ते जॉ कपलिंग, ज्याला कारखान्यात सगळे लव्हजॉय म्हणतात. दोन्ही तोंडांना बोटं असतात आणि त्या बोटांच्या फटीत फुलासारखा कापलेला रबराचा किंवा पॉलियुरेथेनचा स्पायडर बसतो. एका प्रचलित मेट्रिक मालिकेत ९२ शोअर कडकपणाच्या स्पायडरसह ९५, १९०, २६५ आणि ३१० न्यूटन-मीटर अशा क्षमतेचे साइज मिळतात. १७७ पाहून कुणीही १९० चा उचलेल, आणि इथेच फसेल. या मालिकेतल्या पॉलियुरेथेनची पूर्ण क्षमता साधारण ३० अंश सेल्सिअसपर्यंतच धरलेली असते. ४० अंशांना १.२, ६० अंशांना १.४ आणि ८० अंशांना १.८ असा गुणक लावावा लागतो. बॉयलरजवळ, बंद गार्डच्या आत, स्पायडर स्वतःही चेपला जाऊन आतून तापत असताना ६० अंश धरणं काही अतिशयोक्ती नाही. १७७ गुणिले १.४ म्हणजे २४८. आता १९० चा साइज बाद होतो आणि २६५ चा घ्यावा लागतो. तोच कॅरियर, तीच मोटर, पण उबेचा हिशेब धरल्याबरोबर कपलिंग एक पायरी वर गेलं. सर्व्हिस फॅक्टरमध्ये उष्णता आधीच धरलेली असते अशी अनेकांची समजूत असते, म्हणून हा गुणक विसरला जातो.

शाफ्टचा व्यास तपासायचा तो यानंतर. या फ्रेमच्या मोटरचा शाफ्ट ४२ मिलिमीटरचा असतो. निवडलेल्या साइजमध्ये तेवढं भोक आणि चावीची खाच बसते ना, एवढं पाहायचं. बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो. आधी भोक पाहतात, मग भोक बसतंय म्हणून कपलिंग बसवतात.

आता दुसरा भाग, मोटर आणि गिअरबॉक्सचे शाफ्ट एका रेषेत नसण्याचा. हा बिघाड तीन प्रकारचा असतो. दोन्ही शाफ्ट समांतर असतात पण एकाचा मध्य दुसऱ्याच्या वर किंवा बाजूला असतो, तो समांतर फरक. दोन शाफ्ट एकमेकांशी कोन करतात, तो कोनीय फरक. आणि शाफ्ट मागेपुढे सरकतात, तो अक्षीय. प्रत्यक्षात तिन्ही एकत्रच असतात. वर निवडलेल्या आकाराच्या जॉ कपलिंगला समांतर फरक पाव मिलिमीटरच्या आसपास आणि कोन एक अंशाच्या आसपास चालतो. आता यातली मेख पाहा. हे दोन्ही आकडे एकाच वेळी पूर्ण वापरायचे नसतात. समांतर फरकाने मुभेपैकी साठ टक्के खाल्ले असतील, तर कोनासाठी चाळीस टक्केच उरतात.

आणखी एक गोष्ट कॅटलॉगात ठळक छापत नाहीत. हा आकडा कपलिंग किती सोसतं ते सांगतो, बेअरिंग किती सोसतं ते नाही. शाफ्ट वाकडे असले की चेपलेला रबर दोन्ही शाफ्टना बाजूला ढकलत राहतो. हा दाब मोटरच्या पुढच्या बेअरिंगवर आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर येतो. १४६० फेऱ्यांच्या वेगाने रबर दिवसाला एकवीस लाख वेळा चेपतो आणि सुटतो. "रबर आहे ना, चालतंय की," असं म्हणून वाकडंच जोडलेलं कपलिंग कदाचित हंगाम काढेलही, पण गिअरबॉक्सच्या इनपुट सीलमधून तेल गळू लागतं, बेअरिंग गुणगुणू लागतं, आणि दुरुस्तीच्या वहीत कारण लिहिलं जातं "सील खराब". लवचीक कपलिंगची मुभा चालताना होणाऱ्या हालचालीसाठी असते. बसवताना झालेला आळस त्यात जमा करायचा नसतो.

चालताना हालचाल होते कशी? एक कारण उष्णता. गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य पायापासून २५० मिलिमीटर उंच आहे आणि तेल तापून त्याचं कवच ५० अंशांनी गरम झालं असं धरा. ओतीव लोखंड दर अंशाला मीटरमागे सुमारे ११ मायक्रॉन वाढतं. म्हणजे हा मध्य जवळजवळ ०.१४ मिलिमीटर वर येतो. मोटरचा मध्य १६० मिलिमीटरवर आहे आणि ती ३० अंशांनी तापली तर ती ०.०५ ने वर येते. थंड असताना तंतोतंत जुळवलेली जोडी चालू झाल्यावर ०.०९ मिलिमीटरने बिघडते. पाव मिलिमीटरच्या मुभेपैकी एक तृतीयांशाहून अधिक इथेच संपली. चांगला फिटर म्हणूनच थंड स्थितीत मोटर तेवढ्या फरकाने मुद्दाम उंच ठेवतो. दुसरं कारण आपल्या कॅरियरचं खास आहे. चॅनेलची चौकट साखळीच्या ओढीने हलकीशी पिळते आणि भार बदलला की परत येते. ही हालचाल कुठल्याही अलाइनमेंटने घालवता येत नाही, ती कपलिंगनेच सोसायला हवी.

जुळणी तपासण्याबद्दल एकच सांगतो, कारण तिथे हमखास घोटाळा होतो. कपलिंगच्या कडेवर डायल गेज लावून शाफ्ट पूर्ण फिरवला आणि काटा ०.२० मिलिमीटर फिरला, तर मध्यांमधला फरक ०.१० असतो, निम्मा. गेज एकदा वरचा फरक मोजतं आणि अर्ध्या फेऱ्यानंतर तोच फरक उलट बाजूने. हे विसरून पूर्ण आकड्याइतकी शिम घालणारा माणूस मोटर पहिल्याइतकीच वाकडी करतो, फक्त दुसऱ्या बाजूला. शिवाय गेज लावण्याआधी चारही पाय टेकलेत का ते पाहावं. एकेक बोल्ट सैल केल्यावर पाय पाच-सहा शतांश मिलिमीटरहून जास्त उचलला जात असेल, तर आधी त्या पायाखाली शिम द्यावी. नाहीतर बोल्ट आवळताना मोटरचं अंगच वाकतं आणि केलेली सगळी जुळणी हातची जाते.

आता धक्का. माझ्या मते या विषयातला सर्वांत गैरसमज झालेला भाग हाच. बहुतेक जण धक्का म्हणजे मोटर सुरू होतानाचा हिसका समजतात. थेट स्टार्टरवर ही मोटर पूर्ण टॉर्कच्या दोन ते सव्वादोन पट जोर लावते, म्हणजे आपल्या हिशेबात २१५ न्यूटन-मीटरच्या आसपास. पण त्यातला बराच भाग मोटरचा स्वतःचा रोटर वेगात आणण्यातच खर्च होतो आणि उरलेलाच कपलिंगमधून पुढे जातो. सुरुवातीचा हिसका त्यामुळे कपलिंगला मोटरच्या पाटीवरून वाटतो तेवढा बसत नाही.

उलट प्रकार घडतो तो कॅरियर अडल्यावर. वाकलेली पट्टी चराच्या कडेत रुतते, किंवा बगॅसबरोबर आलेला लोखंडाचा तुकडा साखळी आणि चाकाच्या मध्ये सापडतो. साखळी थांबते. मोटरला हे कळलेलं नसतं. तिचा रोटर १४६० फेऱ्यांच्या वेगाने फिरतोय आणि त्याच्यात ऊर्जा साठलेली आहे. या आकाराच्या रोटरचं जडत्व ०.१ किलोग्रॅम-मीटर वर्गाच्या जवळपास असतं. त्यातून साठलेली ऊर्जा निघते सुमारे ११७० ज्यूल. पन्नास किलोचं साखरेचं पोतं जवळजवळ अडीच मीटर उंचीवरून टाकल्यावर जेवढा दणका बसेल, तेवढी. ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी आणि तिच्या वाटेवर पहिलं उभं असतं ते कपलिंग.

इथे निर्णायक ठरतो तो वेळ. रोटर थांबायला एक दशांश सेकंद मिळाला, तर त्याच्या जडत्वाने कपलिंगवर येणारा टॉर्क सुमारे १५३ न्यूटन-मीटर. त्यात मोटर स्वतः अजून ढकलत असते, अडल्यावर ती आपल्या कमाल जोरावर जाते, म्हणजे साधारण अडीचपट, २४५. दोन्ही मिळून ४०० च्या आसपास. पण तोच रोटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागात थांबला, तर जडत्वाचा टॉर्क ७६५ होतो आणि बेरीज हजाराच्या पुढे जाते. मोटर तीच, अडथळा तोच, पण दणका अडीचपट. या दोन्ही वेळा यंत्राच्या भाषेत काय असतात तेही पाहण्यासारखं आहे. डोक्याच्या चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर धरला तर साखळीचा वेग सेकंदाला ५७ सेंटिमीटर निघतो. एक दशांश सेकंदात थांबताना साखळी जेमतेम तीन सेंटिमीटर पुढे सरकते, पन्नासाव्या भागात सहा मिलिमीटर. म्हणजे पट्टी तीन सेंटिमीटर वाकली, साखळीने थोडी ढील दिली, तर कपलिंग वाचतं. अडथळा ठाम असेल आणि साखळी ताठ असेल, तर नाही.

लवचीक कपलिंग धक्का कमी करतं ते या वेळेत भर घालून. रबर पिळतो, तेवढा रोटरला थांबायला अवकाश मिळतो. जितका रबर मऊ आणि जितका जास्त पिळणारा, तितका दणका बोथट. पण भ्रमात राहू नये. वरची सगळी ११७० ज्यूल ऊर्जा एकट्या रबराने पोटात घ्यायची म्हटली, तर या आकाराचं कुठलंही नेहमीचं कपलिंग आपल्या कमाल क्षमतेच्या कितीतरी पलीकडे जाईल. रोजचे लहान हिसके कपलिंगने गिळावेत. पूर्ण अडकण्यासाठी वेगळा बंदोबस्त लागतो, त्याकडे शेवटी येतो.

ही समज नसल्यामुळे होणारी एक ठरलेली चूक आहे. ९२ शोअरचा स्पायडर तुटला की ९८ शोअरचा, अधिक कडक, आणून बसवतात. कागदावर हे बरोबर दिसतं, कारण त्याच साइजची क्षमता १९० वरून थेट ३२५ न्यूटन-मीटरवर जाते. स्पायडर तुटायचा थांबतो आणि सगळे समाधानी होतात. पण कडक स्पायडर कमी पिळतो, वेळ कमी देतो, दणका तीव्रतेने पुढे पाठवतो आणि वाकड्या जोडणीत बेअरिंगवर जास्त दाब टाकतो. काहीशे रुपयांचा रबर वाचवून बिघाड गिअरबॉक्सच्या दातांकडे ढकलला जातो. टॉर्क स्थिर आणि जुळणी चोख असेल तिथे ९८ शोअर उत्तम आहे. हिसक्यांवरचा उपाय म्हणून तो वापरणं मला मान्य नाही.

मग आपल्या कॅरियरला काय? हिशेबाने २६५ चं जॉ कपलिंग चालेल. पण चौकट पिळते, ऊब आहे, वाफेचा दमटपणा आहे आणि पॉलियुरेथेनच्या काही जाती गरम दमट हवेत लवकर ठिसूळ होतात. इथे मी टायर कपलिंगला पसंती देईन. दोन फ्लँजेसच्या मध्ये सायकलच्या टायरसारखा फुगीर, कापडाने बळकट केलेला रबराचा कडा पट्ट्यांनी आवळलेला असतो. त्याच्या एका प्रचलित मालिकेत २५० न्यूटन-मीटरचा साइज कमाल ४८७ पर्यंत जातो. समांतर फरक तो दोन मिलिमीटरच्या जवळ सोसतो, कोन चार अंशांपर्यंत. पूर्ण भाराला तो काही अंश पिळतो, म्हणून हिसकेही चांगले गिळतो. त्याची गरज १७७ होती, ती भागते. सौम्य अडकण्यातले ४०० न्यूटन-मीटरही कमाल क्षमतेच्या आत राहतात. फक्त टायर कुठल्या रबराचा हे मागणीपत्रात लिहायलाच हवं. नैसर्गिक रबराचा टायर ५० अंशांपर्यंतच चालतो आणि तेल लागलं की फुगतो. क्लोरोप्रीनचा ७० अंशांपर्यंत चालतो आणि तेलही बऱ्यापैकी सोसतो. काही न लिहिता मागवला तर बहुधा नैसर्गिक रबराचाच येतो, आणि बॉयलरशेजारी तो पहिल्याच हंगामात भेगाळतो.

टायरचीही एक अडचण आहे. स्पायडर पूर्ण झिजला तरी जॉ कपलिंगची लोखंडी बोटं एकमेकांत अडकून खडखडत का होईना फिरवत राहतात. टायर फाटला की मोटर एकटी फिरते आणि यंत्र मोकळं सुटतं. क्रेनला किंवा माल उचलणाऱ्या कुठल्याही यंत्राला हे जिवावर बेतू शकतं, तिथे टायरचा विचारही करू नये. कॅरियर चढाचा असेल तर भरलेली साखळी मागे घसरू शकते, म्हणून तिथे गिअरबॉक्सला बॅकस्टॉप आहे याची खात्री करूनच टायर लावावा.

राहिले पिन-बुश आणि गिअर कपलिंग. पिन-बुश जुन्या कारखान्यांत भरपूर दिसतं, स्वस्त आहे, बुश कुठेही मिळतात, पण त्याला जुळणी काटेकोर हवी. गिअर कपलिंग टॉर्कच्या बाबतीत सगळ्यांना भारी आहे, म्हणून ते मंद बाजूला शोभतं. पिळाच्या दिशेने ते जवळजवळ ताठ असतं आणि त्याला ग्रीस वेळेवर लागतं. धक्का कमी व्हावा म्हणून मोटरच्या बाजूला गिअर कपलिंग बसवण्यात अर्थ नाही.

कपलिंग निकामी झालं की त्याचा रबर फेकून देऊ नये, आधी नीट पाहावा. गार्डखाली काळी पूड जमली असेल आणि स्पायडरच्या सगळ्या पाकळ्या सारख्या झिजल्या असतील, तर दोष जुळणीचा आहे. पाकळ्या एकाच दिशेने, धारदार कापल्यासारख्या तुटल्या असतील, तर एकदाच मोठा दणका बसलाय. कडक होऊन बारीक भेगा पडल्या असतील तर उष्णता किंवा वय. मऊ, चिकट, फुगलेला असेल तर तेल. पाकळी मूळ जाडीच्या पाऊण राहिली की ती बदलायची वेळ झाली, तुटायची वाट पाहू नये. टायरमध्ये पट्टीच्या काठाने गोल भेगा दिसल्या तर जोडणी वाकडी आहे, आणि अंगावर तिरकी फाट दिसली तर टॉर्क जास्त झालाय. ही तपासणी मोटरचा वीजपुरवठा तोडून, स्विचला कुलूप लावूनच करायची. गार्ड काढून चालत्या कपलिंगमध्ये डोकावणाऱ्यांच्या बाह्या आणि बोटं गेल्याची उदाहरणं प्रत्येक कारखान्यात आहेत.

आता तो वेगळा बंदोबस्त. ठाम अडथळ्यात येणारे हजार न्यूटन-मीटर आपला टायरही सोसणार नाही. त्यासाठी दुबळा दुवा मुद्दाम दुसरीकडे ठेवायचा असतो, गिअरबॉक्सच्या मंद बाजूला, चेनच्या चाकात, शिअर पिनच्या रूपाने. ती पूर्ण भाराच्या सुमारे तिपटीला तुटेल अशी निवडावी. मोटरच्या बाजूने पाहिलं तर हे २९४ न्यूटन-मीटर होतात, म्हणजे सुरू होतानाच्या हिसक्यापेक्षा वर आणि टायरच्या ४८७ च्या बरंच खाली. अडकलं की पिन तुटते, मोटर आणि गिअरबॉक्स मोकळे फिरतात, शिफ्टमधला फिटर अडथळा काढून नवी पिन ठोकतो आणि कॅरियर पुन्हा सुरू होतो. व्हीएफडी असेल तर टॉर्कची मर्यादा लावूनही मोटरचा जोर आवरता येतो, पण रोटरमधली साठलेली ऊर्जा त्याने नाहीशी होत नाही, म्हणून पिन हवीच.

पिन मऊ पोलादाची आणि ठरलेल्या व्यासाचीच असली पाहिजे. रात्रपाळीत दोनदा पिन तुटली की वैतागून तिथे हाय टेन्साइल बोल्ट ठोकला जातो, हे अनेक कारखान्यांत पाहायला मिळतं. तुमच्या कॅरियरच्या चाकात असा बोल्ट दिसला, तर वर केलेला कपलिंगचा सगळा हिशेब बाद झाला असं समजा आणि तो बोल्ट आजच काढा.